फायनलच्या हिशोबातून उचल किती कापता येते?

"ताई, मी कुपवाड एमआयडीसीत एका छोट्या मशीन शॉपमध्ये अकाउंट्स आणि पगार दोन्ही बघतो. आमचा एक सीएनसी ऑपरेटर सात वर्षं चार महिने काम करून राजीनामा देऊन चाकणला चाललाय, १८ तारीख शेवटची. घराच्या स्लॅबसाठी ७२,००० बिनव्याजी लोन दिलं होतं, महिना ३,००० प्रमाणे नऊ हप्ते गेले, ४५,००० बाकी आहे. शिवाय ५ तारखेला २,००० उचल घेतलीये. पगार बेसिक-डीए मिळून १८,२००, बारा दिवस रजा शिल्लक. मालक म्हणतात ग्रॅच्युइटीतनं सगळं वळतं करून घे आणि पैसे फिटेपर्यंत रिलीव्हिंग लेटर देऊ नको. लोनच्या कागदावर 'नोकरी सोडल्यास सर्व देय रकमेतून वसूल करता येईल' असं लिहिलंय, खाली त्याची सही आहे. चालतं का हे?"

दादा, ग्रॅच्युइटीला हात लावू नका, बाकी काय व्हायचं ते होऊ दे, आधी मालकांना एवढं सांगून या आणि मग पुढचं वाचा.

गडबड कुठं होते सांगते. आपण 'फुल अँड फायनल' म्हणतो ना, त्या शब्दामुळं सगळ्यांना वाटतं की हे एकच गाठोडं आहे, वरून देणं लिहा, खालून घेणं लिहा, वजाबाकी करा आणि उरेल तो चेक. एक्सेलच्या शीटवर ते तसंच दिसतं पण. पण त्या गाठोड्यात चार वेगळ्या गोष्टी बांधलेल्या असतात, शेवटच्या महिन्याचा पगार, रजेचे पैसे, बोनस आणि ग्रॅच्युइटी, आणि कोणातनं काय कापता येतं याचा नियम प्रत्येकीचा वेगळा. लोन एकच असलं तरी ते चारही ठिकाणाहून सारखं वसूल होत नाही.

पगारापासून सुरू करू. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झाली आणि १९३६ चा पगाराचा जुना कायदा गेला. उचल आणि लोन पगारातून कापायला परवानगी आधीही होती, आताही आहे, त्यामुळं 'कापताच येत नाही' असं कोणी कामगार म्हणाला तर ते चूक. पण एका पगाराच्या मुदतीत सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्याच्या वर जाता येत नाही. 'सगळ्या' या शब्दावर बोट ठेवा. निम्मं फक्त लोनचं नाही. पीएफ, ईएसआय, प्रोफेशनल टॅक्स, उचल, लोनचा हप्ता, पतसंस्थेचा हप्ता असेल तर तोही, हे सगळं त्या निम्म्यात बसवायचं. जुन्या कायद्यात सहकारी संस्थेची कपात असली की ७५ टक्क्यांपर्यंत जाता यायचं आणि आपल्या सांगली-साताऱ्यात कामगार म्हणला की पतसंस्था आलीच, त्यामुळं जुन्या अकाउंटंट लोकांच्या डोक्यात ते ७५ अजून बसलेलं आहे. नव्या संहितेत ती ७५ ची सूट नाही. आणि जुना कायदा २४,००० पगारापर्यंतच्या माणसांनाच लागायचा, आता ती अटही राहिली नाही, म्हणजे उद्या सुपरवायझर सोडून गेला तरी त्याला हाच नियम.

आता तुमचाच हिशोब मांडू. १८,२०० ला २६ ने भागलं की दिवसाला ७०० येतात. १८ तारखेपर्यंत रविवार सोडून १५ हजेरी धरली तर पगार झाला १०,५००. त्याचं निम्मं ५,२५०. ही तुमची कमाल मर्यादा, याच्या पलीकडं एक रुपया नाही. यातून पीएफ १,२६०, ईएसआय ७९ आणि प्रोफेशनल टॅक्स २००, मिळून १,५३९ तर सरकारी कपातीतच गेले. राहिले ३,७११. एवढेच तुम्ही पगारातून तुमच्या वसुलीसाठी घेऊ शकता. मी यातनं आधी ५ तारखेची २,००० उचल पूर्ण फेडून घेतली असती, कारण ती ह्याच महिन्याच्या पगारापोटी दिलेली आणि तिच्यावर वाद होण्यासारखं काही नाही, आणि उरलेले १,७११ लोनमध्ये जमा दाखवले असते. हातात त्याला ५,२५० मिळतात.

इथं मालक लोक चिडतात, मला माहिती आहे. महिन्याला ३,००० चा हप्ता सुरळीत जात होता तेव्हा ह्या निम्म्याच्या नियमाची कोणाला आठवणसुद्धा नव्हती, कारण पुढच्या महिन्यात परत पगार होताच. शेवटच्या महिन्याला पुढचा महिना नसतो आणि तो महिना बहुतेक वेळा अर्धाच असतो, म्हणून बाकी सगळ्यात मोठी दिसते नेमकी तेव्हाच कापायला जागा सगळ्यात कमी.

आणि पगार लवकर द्यायचाय. राजीनामा असो नाहीतर काढून टाकलेलं असो, नव्या संहितेप्रमाणे दोन कामाच्या दिवसांत पगार चुकता करायचा. तुमच्याकडं १८ ला बुधवार असला तर शुक्रवार २० ला खात्यावर पडला पाहिजे. 'पुढच्या ७ तारखेला सगळ्यांबरोबर देऊ' हे आता बसत नाही.

रजेचे पैसे. बारा दिवस गुणिले ७०० म्हणजे ८,४००. यावर पीएफ कापायचा नाही, सुप्रीम कोर्टानं ते २००८ मध्येच सांगितलंय, तरी बरेच जण कापतात. लोन मात्र यातून किती कापायचं? काही सल्लागार म्हणतात हा महिन्याचा पगार नव्हे, पूर्ण घ्या. मी ते करत नाही. मी यालाही निम्म्याचाच नियम लावते, म्हणजे ४,२००, आणि त्यासाठी त्या दिवशीची त्याची वेगळी सही घेते. उरलेल्या ४,२०० साठी अंगावर तक्रार ओढवून घेणं मला परवडत नाही. तुमच्या मालकांना परवडत असेल तर त्यांचा प्रश्न.

बोनस पटकन संपवते. तो वर्ष संपल्यावर आठ महिन्यांत द्यायचा असतो, म्हणजे तुमच्या फायनलमध्ये तो बहुतेक नसेलच, त्याच्या नावावर पुढं काढून ठेवा. त्यातून आधी दिलेला सणाचा किंवा अंतरिम बोनस वळता करता येतो, आणि गैरवर्तनामुळं कंपनीचं नुकसान झालं असेल तर ते. घराच्या स्लॅबचं लोन या दोन्हीत बसत नाही.

आता ग्रॅच्युइटी. सात वर्षं चार महिने म्हणजे सातच वर्षं धरायची, वरचे महिने सहापेक्षा जास्त असते तर आठ झाली असती. १५ दिवस गुणिले ७०० गुणिले सात, ७३,५००. मालकांची नजर यावर आहे कारण ४५,००० यातनं आरामात निघतात आणि वर २८,५०० उरतात. दिसायला अगदी सोपं आहे. पण ग्रॅच्युइटी अडवायला किंवा कमी करायला कायद्यानं मोजकीच कारणं दिलीत. माणसाच्या चुकीनं, हलगर्जीपणानं कंपनीचं नुकसान झालं आणि त्यासाठी त्याला काढलं तर तेवढ्या नुकसानीपुरती, नाहीतर दंगा, मारामारी, नैतिक अधःपतनाचा गुन्हा यासाठी काढलं तर. म्हणजे 'काढलं' पाहिजे. तुमच्या माणसानं तर राजीनामा दिलाय, आणि कर्ज बाकी असणं हे कारण त्या यादीत नाहीच. कोर्टाच्या हुकमाची जप्तीसुद्धा देय ग्रॅच्युइटीवर येत नाही, मग तुमच्या उचल-वहीतल्या नोंदीनं काय येणार. पीएफचं तर नावच काढू नका, ते पैसे तुमच्या हातात कधी नसतातच.

राहिला त्या सहीचा विषय. 'सर्व देय रकमेतून वसूल करता येईल' या ओळीला काहीच किंमत नाही असं मी म्हणत नाही. नोकरी सोडली की उरलेली बाकी एकरकमी देणं झाली, हप्त्यांची सवलत संपली, एवढं त्या कागदानं होतं आणि ते उपयोगाचं आहे, पुढं नोटीस द्यायची वेळ आली तर लागेल. पण कायद्यानं घातलेली निम्म्याची मर्यादा किंवा ग्रॅच्युइटीचं संरक्षण दोघांनी आपापसात सही करून उठवता येत नाही. लोन देताना घेतलेली सही तर अजूनच कच्ची, कारण तेव्हा गरजवंत माणूस कुठंही सही करतो.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. साताऱ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मी नवीन असताना आम्ही असंच केलं होतं, फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या एका काकांची ग्रॅच्युइटी लोनमध्ये वळती केली, व्हाउचरवर 'समजून उमजून मान्य' असं त्यांच्याच हातानं लिहून घेतलं, चहा पाजला, शाल दिली. आठ-नऊ महिन्यांनी त्यांच्या जावयानं अर्ज केला. आम्ही ते व्हाउचर घेऊन ऐटीत गेलो आणि ते पाच मिनिटंसुद्धा टिकलं नाही. पूर्ण ग्रॅच्युइटी व्याजासकट द्यावी लागली, आणि लोन? ते मागायचं राहून गेलं, कारण आमच्या वहीत तर ते 'फिटलं' होतं आणि खातं बंद झालेलं. म्हणजे पैसे दोन्हीकडून गेले. शाल पण गेली.

मग करायचं काय? क्रम बदला. मी याला 'आधी द्या मग घ्या' म्हणते. ग्रॅच्युइटीचे ७३,५०० पूर्ण त्याच्या खात्यावर टाका, मुदत ३० दिवसांची आहे, उशीर झाला तर व्याज चढतं. आणि लोनची बाकी त्याच्याकडून वेगळ्या व्यवहारानं परत घ्या. पगारातून ३,७११ आणि रजेतून ४,२०० आले, म्हणजे ७,९११. त्याच्याकडं एकूण ४७,००० येणं होतं, आता राहिले ३९,०८९.

हे ३९,०८९ बुडू नयेत म्हणून १८ तारखेच्या आधी, म्हणजे तो अजून रोज शॉपवर येतोय तोवर, त्याला ऑफिसात बोलवा आणि तीन आकडे समोर ठेवा. हातात किती पडणार, ग्रॅच्युइटी किती आणि कधी पडणार, आणि लोनची बाकी किती. बहुतेक भांडणं होतात ती कपातीमुळं नाही तर हे आकडे माणसाला थेट बँकेच्या मेसेजवर कळतात म्हणून. मग एक बाकीची कबुली लिहून घ्या. भाषा साधी पाहिजे, काहीतरी अशी: "मी घेतलेल्या ७२,००० रुपयांच्या कर्जापैकी आज रोजी ३९,०८९ रुपये देणे बाकी आहे हे मला मान्य आहे. ही रक्कम मी अमुक तारखेपर्यंत कंपनीच्या बँक खात्यावर भरेन." तारीख, सही, दोन साक्षीदार. यात ग्रॅच्युइटी हा शब्दसुद्धा घालायचा नाही, हे नीट लक्षात ठेवा, नाहीतर परत तेच व्हाउचर तयार होतं.

ह्या कबुलीचा दुसरा फायदा मुदतीचा आहे. उसने पैसे वसूल करायचा दावा साधारण तीन वर्षांत लावावा लागतो, आणि मुदत संपायच्या आत बाकी लेखी कबूल केली की तीन वर्षं त्या सहीच्या तारखेपासून नव्यानं मोजतात. त्यामुळं तारीख न घालता सही घेऊ नका. असले कागद मी ढिगानं बघितलेत.

चेक घ्यायचा असेल तर घ्या, पण रक्कम आणि तारीख घालून, ग्रॅच्युइटी जमा झाल्यावर चार दिवसांची तारीख. कोरा सही केलेला चेक घेऊन तिजोरीत ठेवायची पद्धत आपल्याकडं भरपूर आहे, ती उलटते. पूर्ण भरलेला चेक बाउन्स झाला तर बँकेचा मेमो आल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, त्यानंतर त्याला १५ दिवस, तरी नाही दिले तर पुढच्या एक महिन्यात तक्रार, हे आकडे चुकले की केस गेली. चेक नसेल तर नोटीस पाठवून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं लोकअदालतीत दाव्याआधीच विषय ठेवता येतो, चाळीस हजारासाठी वकील लावून वर्षानुवर्षं कोर्टात बसण्यापेक्षा ते बरं. तिथं तडजोड झाली तर तिला कोर्टाच्या हुकूमनाम्याची ताकद असते. आणि परतफेड खात्यावरच घ्या, रोख नको, वीस हजार आणि त्याच्या वरचं कर्ज रोखीनं फेडलं की इन्कम टॅक्सची वेगळी भानगड.

लोनला एखादा सहकारी जामीन असेल (पत्रात लिहिलं नाहीये पण बऱ्याच शॉपमध्ये असतो) तर त्याच्या पगारातून परस्पर हप्ता चालू करू नका. त्याची लेखी संमती पाहिजे आणि त्याच्या पगारालाही तोच निम्म्याचा नियम आहे. मूळ माणूस चाकणला मजेत आणि इथं जामीनदाराचा पगार अर्धा, असं झालं की शॉपमधलं वातावरण बिघडतं ते वेगळंच.

रिलीव्हिंग लेटर. अडवू नका. ते अडवून कर्ज वसूल होत नाही, उलट त्याची चाकणची नोकरी अडली तर तो तुमचे ३९,०८९ कशातनं देणार? पीएफची सोडल्याची तारीखही वेळेत भरा, ती तुम्ही नाही भरली तरी शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी तो स्वतः पोर्टलवर भरू शकतो, म्हणजे अडवून उपयोग शून्य. आपल्या भागात ऊसतोडीच्या टोळ्यांमुळं 'उचल फिटल्याशिवाय सुटका नाही' ही भाषा कानाला सवयीची झालीय, पण उचलीपायी माणसाला काम सोडून जाऊ न देणं हे १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याच्या दारात नेऊन उभं करतं, तेव्हा मालकांनी रागाच्या भरात तसलं काही व्हॉट्सॲपवर लिहू नये म्हणून तुम्हीच जरा बघा.

मालक तरीही अडून बसले तर त्यांना रकमेच्या भाषेत सांगा, तीच त्यांना कळते. पगारातून मर्यादेबाहेर कापलं तर कामगार तीन वर्षांपर्यंत दावा लावू शकतो आणि कापलेली रक्कम परत देऊन वर तिच्या दहापटीपर्यंत भरपाई लागू शकते. ग्रॅच्युइटीचा वेगळा अर्ज, त्यावर वेगळं व्याज. आणि एवढं सगळं होऊनही त्यांचे ३९,०८९ येणं तसंच राहतं, कारण त्याची कबुली घ्यायची वेळ निघून गेलेली असते.

तुमच्या रजिस्टरमध्ये लोनचं खातं या महिन्यात बंद करू नका. पगारातून १,७११ आणि रजेतून ४,२०० अशा दोन वेगळ्या नोंदी टाका, उचलीचे २,००० उचलीच्याच पानावर, आणि ३९,०८९ बाकी पुढं ओढा. पैसे आले की त्याच ओळीवर यूटीआर नंबर लिहा आणि त्याला 'कर्ज पूर्ण फिटले' अशी पावती पाठवा, ती मागायला त्यानं चाकणहून फोन करायची वाट बघू नका.